कपाळावरचा भोवरा आणि भांग

कपाळाच्या कडेला भोवरा असला की भांगाजवळचे केस उभे राहतात आणि दोष ‘हट्टी’ केसांना दिला जातो. खरं कारण त्वचेखाली आहे. केस ज्या खळगीतून उगवतो ती केशपुटिका (केसाच्या मुळाची पिशवी) तिरकी असते आणि भोवऱ्यापाशी हा तिरकेपणा गोल फिरतो. मखमलीवर उलटा हात फिरवला की लव उभी राहते, तसंच इथे होतं. म्हणून तेल चोपडून किंवा रोज दाबून विंचरून मुळांची दिशा बदलत नाही.

समजा, मुळं डावीकडे झुकलेली आहेत. भांग डावीकडे पाडला तर केस उजवीकडे, म्हणजे मुळांच्या उलट ओढले जातात. भांग उजवीकडे पाडला की ते आपसूक बसतात. दिशा ओळखायला ओले केस पुढे घेऊन डोकं हलवावं आणि ते कुठे पडतात ते पाहावं.

भांग डावीकडेच हवा असेल, तर मुळं चिंब असतानाच ड्रायर लावून भोवऱ्याजवळचे केस आलटून पालटून दोन्ही बाजूंना विंचरावेत, शेवटी गार हवा द्यावी. पुन्हा ओले झाले की ते मूळ वळणावर जातात. तिथले केस फार आखूड मात्र कापू नयेत. वजन गेलं की ते जास्तच उभे राहतात.