कलप खोलीत, पाणी मोरीत

पुण्यात कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलींच्या फ्लॅटमध्ये चौघींत मिळून एक बाथरूम असतं. जेमतेम चार बाय सहा फूट, टाइल्सच्या सांध्यांत पांढरं सिमेंट, दारात संगमरवरी उंबरा. अशा ठिकाणी रविवारी सकाळी एखादी केस रंगवायला आत शिरली की बाहेरच्या तिघी तासभर खोळंबतात, आणि महिन्याने घरमालक डिपॉझिटचा विषय काढतो. यावर साधा उपाय आहे. रंग कालवायचा आणि लावायचा तो खोलीत, उघड्या खिडकीशी. बाथरूम वापरायचं ते फक्त धुवायला.

याचं कारण रंगाच्या स्वभावात आहे. पाकिटातली क्रीम आणि डेव्हलपर, म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड, एकत्र केलं की मिश्रण आधी फिकट दिसतं. हवेतल्या आणि पेरॉक्साइडमधल्या ऑक्सिजनने ते हळूहळू गडद होत जातं. केसांत जे घडतं तेच फरशीवर पडलेल्या थेंबातही घडतं. म्हणून लावताना उडालेला पिवळसर ठिपका ‘नंतर पुसू’ म्हणून सोडला, तर अर्ध्या तासाने तिथे काळा डाग बसलेला असतो. तो थेंब तेव्हाच ओल्या कपड्याने टिपला तर काहीच उरत नाही. टिपायचा, घासायचा नाही. घासला की पसरतो.

खोलीतली तयारी फार नाही. कचऱ्याची मोठी काळी पिशवी कापून खाली अंथरा आणि तिच्यावर जुनी वर्तमानपत्रं टाका. नुसता कागद भिजतो आणि रंग खाली उतरतो. वाटी प्लास्टिकची किंवा काचेची घ्या, धातूची नको. कपाळाच्या कडेला आणि कानांवर व्हॅसलीन, हातात मोजे. ज्या ब्रँडचा रंग पहिल्यांदाच लावताय, त्याची कानामागे चाचणी ४८ तास आधी करायची, हे पाकिटावर लिहिलेलं असतं आणि बहुतेक जण वाचत नाहीत. ‘काळी मेहंदी’च्या पुड्यांनाही हे लागू आहे, त्यातल्या बऱ्याच पुड्यांत काळा रंग मेहंदीचा नसून रसायनाचाच असतो.

वासाचं म्हणाल तर तो वाटीतून आणि डोक्यातून अर्धा तास येत राहतो. बंद बाथरूममध्ये डोळे चुरचुरतात, खोकला येतो. एक्झॉस्ट लावला तरी दार घट्ट बंद असेल तर आत हवा यायला वाटच राहत नाही, पंखा नुसता घरघरतो. म्हणून वेळ होईपर्यंत बाल्कनीत किंवा खिडकीत बसावं. ‘अमोनिया फ्री’ रंगाला वास कमी येतो, पण त्यातही दुसरं अल्कली असतंच, तेव्हा मोकळी हवा त्यालाही हवी.

आता धुणं. आधी बाकीच्यांचे मग, साबण, टूथब्रश बाहेर काढा. भिंतीचा खालचा भाग, फरशी आणि उंबरा पाण्याने ओले करा. सांध्यातलं सिमेंट आणि संगमरवर सच्छिद्र असतात; आधीच पाणी प्यायले की रंग कमी शोषतात. मग जाळीशी खाली वाकून थोड्या पाण्याने केस चोळा. बहुतेक रंग या पहिल्या दोन-तीन मगांतच सुटतो. उभं राहून शॉवर सुरू केला तर शिंतोडे थेट भिंतीवर जातात. गॅस गीझर आतच बसवलेला असेल तर दार उघडं ठेवून बादली भरून घ्या आणि गीझर बंद करूनच आत जा. त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही.

केस झाले की लगेच भांड्याचा साबण आणि स्क्रबरने फरशी घासा. चकचकीत टाइल आणि बेसिनवरून डाग सहज निघतो. सांध्यात राहिला तर खाण्याच्या सोड्याची लापशी दहा मिनिटं ठेवून जुन्या ब्रशने घासा. प्लास्टिकच्या स्टुलावर स्पिरिट चालतं. नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्याने प्लास्टिकच खराब होतं. संगमरवरावर लिंबू, व्हिनेगर किंवा टॉयलेट क्लीनर लावला तर दगडाची झिलईच जाते. तिथे सोडाच बरा, आणि जुना डाग असेल तर पुसट होण्यावर समाधान मानावं लागतं.

ब्लीच मात्र त्या दिवशी कपाटातच राहू द्या. रंगातल्या अमोनियाशी ते मिसळलं की क्लोरामाइन वायू तयार होतो, आणि टॉयलेट क्लीनरच्या अ‍ॅसिडशी मिसळलं तर क्लोरीन. चार बाय सहाच्या खोलीत दोन्ही छातीला घातक.

उरलेला रंग बाटलीत भरून ठेवू नका. पेरॉक्साइडमधून ऑक्सिजन सुटत राहतो आणि झाकण उडतं. तसाही तो पुन्हा चढत नाही; कागदात गुंडाळून कचऱ्यात टाका. जाळीतले केस काढा. आणि पुढच्या मुलीला हाक मारण्याआधी दाराची कडी, नळाची मूठ आणि मगाचा कान पुसून घ्या; राहून गेलेले डाग बहुतेक तिथेच सापडतात.