पॉइंट पाचचा पत्रा, पण जस्त किती?

गेल्या वर्षी मामांच्या गुहागरजवळच्या घराची पडवी नव्याने छावायची होती. जुना पत्रा चौथ्याच पावसाळ्यात ढाप्याच्या कडेने तांबडा पडला होता. तालुक्याला दोन दुकानांत विचारलं. दोघांनीही ‘पॉइंट पाच’ सांगितलं, पण भावात बराच फरक होता. मामा म्हणाले, “जाडी एकच ना? मग स्वस्तातला घेऊ.” मी त्यांना थांबवलं, कारण ‘पॉइंट पाच’ या शब्दात दोन वेगळ्या वस्तू एकत्र मोजलेल्या असतात.

आतला पोलादी पत्रा छपराला ताकद देतो. वारा, वरून पडणारा नारळ, दुरुस्तीला चढलेल्या माणसाचा भार, हे सगळं त्याच्यावर येतं. गंज थोपवायचं काम मात्र बाहेरच्या जस्ताचं. जस्त स्वतः झिजत पोलादाला वाचवतं, आणि ते संपलं की पोलाद जाड असो की पातळ, तांबडं पडायला लागतंच. दुकानात सांगतात ती जाडी बहुधा ‘टीसीटी’ म्हणजे लेपासकट असते. नुसत्या पोलादाची जाडी म्हणजे ‘बीएमटी’.

जस्त मोजतात ग्रॅममध्ये, एका चौरस मीटर पत्र्याच्या दोन्ही बाजू मिळून. २७५ जीएसएम म्हणजे दर बाजूला साधारण १९ मायक्रॉन जस्त, आणि १२० जीएसएम म्हणजे जेमतेम ८. हवेतल्या गंजण्याच्या आंतरराष्ट्रीय वर्गवारीनुसार मध्यम हवेत जस्त वर्षाला ०.७ ते २.१ मायक्रॉन झिजतं, तर खाऱ्या, दमट हवेत २.१ ते ४.२. समुद्राच्या अगदी तोंडावर याहूनही जास्त. वर्षाला ३ मायक्रॉन धरले, तर १२० चा लेप तीन वर्षंही पुरत नाही. २७५ चा सहा वर्षांच्या पुढे जातो. पन्हाळीच्या आतली बाजू पावसाने धुतली जात नाही, तिथे मीठ साचतं. म्हणून किनाऱ्यावर पत्रा वरून चकचकीत दिसतो आणि वळचणीला खालून आधी खातो.

मामांचा पुढचा प्रश्न रास्त होता: “वजन करून कळेल ना?” मी हिशेब मांडला. पन्हाळीच्या उंचसखल भागावरून सुतळी फिरवून मोजली, तर सपाट रुंदी १२२० मिलिमीटर भरली. लांबी १० फूट, म्हणजे क्षेत्रफळ ३.७२ चौरस मीटर. पोलादाचं वजन दर मिलिमीटर जाडीला चौरस मीटरमागे ७.८५ किलो. २७५ जस्ताच्या ०.५० टीसीटी पत्र्यात जस्ताचे दोन्ही थर मिळून ०.०४ गेले, पोलाद उरलं ०.४६, आणि पत्रा भरला सुमारे १४.५ किलो. १२० जस्ताच्या पत्र्यात पोलाद ०.४८ मिलिमीटर, आणि तो पत्राही भरतो सुमारे १४.५ किलोच. फरक शंभर ग्रॅमच्याही आत.

म्हणजे तराजूने आणि मायक्रोमीटरने पोलादातली चोरी पकडता येते. हाच पत्रा १२.७ किलो भरला, तर बीएमटी ०.४० च्या आसपास आहे असं समजा. पण जस्ताची कमतरता त्यांना दिसत नाही. पृष्ठभागावरची फुलं मोठी आणि चमकदार आहेत म्हणून जस्त भरपूर, हाही समज चुकीचा आहे. फुलांचा आकार वितळलेल्या जस्तातली भेसळ आणि ते थंड होण्याची पद्धत यांवर ठरतो. खात्री हवी तर पत्र्यावरची छपाई वाचा, कॉइलच्या टेस्ट सर्टिफिकेटची प्रत मागा, आणि काम मोठं असेल तर लेपाची जाडी मोजणारं चुंबकी यंत्र लावून घ्या. साध्या, रंग न दिलेल्या पत्र्यावर ते जस्ताचीच जाडी दाखवतं. रंगीत पत्र्यावर मात्र रंगाचे थरही त्याच आकड्यात मिसळतात, तिथे सर्टिफिकेटच बघावं लागतं.

पैसे कमी पडले तर कुठे हात आखडावा? माझं स्पष्ट मत आहे: पोलादात थोडा, जस्तात अजिबात नाही. पत्रा किंचित पातळ असला, तर पर्लिनमधलं अंतर कमी करून ताकद भरून काढता येते. जस्त नंतर भरता येत नाही. अर्थात यालाही मर्यादा आहे. पत्रा फार पातळ झाला, की वादळात स्क्रूच्या डोक्याभोवती फाटून उडतो, मग खाली पर्लिन कितीही जवळ असोत.

समुद्रापासून अर्धा किलोमीटरवरच्या पडवीला नुसतं २७५ ही पुरेसं वाटलं नाही, म्हणून आम्ही २७५ जस्तावर कारखान्यातच रंग दिलेला पत्रा घेतला, बीएमटी ०.४५. मधे एक पर्लिन वाढवलं. बिलावर ‘२७५ जीएसएम, बीएमटी ०.४५’ लिहून घेतलं, आणि गाडीतून उतरवताना मामांनी भाताच्या काट्यावर तीन पत्रे एकेक करून तोलून पाहिले.