बुकिंगची मेल खरी की बनावट? हॉटेललाच विचारा, पण नीट

समजा, पुण्यातल्या एका कुटुंबाने दिवाळीसाठी तारकर्लीच्या हॉटेलात दोन खोल्या ठरवल्या. बुकिंग पक्कं झाल्याची मेल आली. नाव आणि तारखा बरोबर आहेत, पण पाठवणाऱ्याचा पत्ता हॉटेलचा नाही. खाली एक लिंक आणि ताकीद आहे: २४ तासांत कार्डाची पडताळणी करा, नाहीतर खोल्या रद्द होतील.

पत्ता अनोळखी आहे एवढ्यावरून मेल खोटी ठरत नाही. अनेक हॉटेलं बुकिंगचं काम बाहेरच्या सॉफ्टवेअर कंपनीकडे सोपवतात आणि मेल त्या कंपनीच्या पत्त्यावरून येते. पण तपशील बरोबर आहेत म्हणून ती खरीही ठरत नाही, आणि लोक फसतात ते इथेच. भामटे आधी हॉटेलच्या कर्मचाऱ्यांनाच गाठतात. पाहुण्याची तक्रार आहे असं भासवून पासवर्ड चोरणारा प्रोग्रॅम त्यांच्या संगणकात घुसवतात. बुकिंग डॉट कॉमच्या नावाने हॉटेलांवर होणाऱ्या अशा हल्ल्यांचा तपशील मायक्रोसॉफ्टने मार्च २०२५मध्ये जाहीर केला होता. हॉटेलचं खातं एकदा हाती आलं, की पाहुण्यांची नावं आणि तारखा भामट्यांना आयत्या मिळतात.

म्हणून हॉटेलला विचारावं, पण त्या मेलला उत्तर देऊन नव्हे आणि तिच्यातल्या नंबरवर तर नाहीच. बुकिंग केलं त्या संकेतस्थळावरचा किंवा जुन्या पावतीवरचा पत्ता घ्यावा. नकाशावर दिसणारा फोन नंबरही कुणीतरी बदललेला असू शकतो.

निरोप साधा असावा:

‘नमस्कार. माझ्या नावाने १० ते १२ नोव्हेंबरचं बुकिंग आपल्याकडे आहे का? असल्यास त्याचा क्रमांक आणि शिल्लक रक्कम कृपया आपणच कळवा. सोबत जोडलेल्या चित्रात दिसणाऱ्या पत्त्यावरून आलेली मेल आपली आहे का? लिंकवर कार्डाचा तपशील आपण मागवला आहे का?’

क्रमांक आणि रक्कम आपण सांगायची नाही, हॉटेलकडून काढून घ्यायची. आपणच सांगितली, तर समोरचा माणूस वही न उघडता ‘हो, बरोबर’ म्हणून मोकळा होतो. मेल पुढे पाठवण्याऐवजी तिचं चित्र पाठवावं, म्हणजे ती घातक लिंक हॉटेलच्या संगणकावर चुकून उघडली जाणार नाही. शेवटचा प्रश्न सगळ्यात मोलाचा. बुकिंग खरं असूनही पैशांची मागणी खोटी असू शकते, त्यामुळे ‘बुकिंग आहे’ एवढ्या उत्तरावर थांबू नये.

या उपायालाही मर्यादा आहे. हॉटेलचं खातंच भामट्यांच्या ताब्यात असेल, तर लेखी उत्तरही तेच देतील. पैशांचा प्रश्न असेल तेव्हा स्वागतकक्षाला फोन करून व्यवस्थापकाशी बोलावं.

लिंकवर कार्डाचा तपशील भरून झाला असेल, तर आधी बँकेला सांगून कार्ड बंद करावं. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी. मेल मात्र पुसू नये. ती कुठल्या सर्व्हरवरून आली, याची नोंद तिच्यातच असते.