न बसवलेली पिन

कॉम्प्युटर स्वतः जोडायला बसलेला माणूस प्रोसेसर किंवा रॅमपाशी सहसा अडत नाही, कारण त्या वस्तू एकाच जागी आणि एकाच बाजूने बसतात. तो अडतो शेवटी, कॅबिनेटच्या पुढच्या भागातून आत आलेल्या वायरींच्या जुडग्यापाशी. लॅमिंग्टन रोडवरून असेंबल करून घेतला, तर हे काम दुकानातला मुलगा गप्पा मारता मारता उरकतो आणि झाकण लावून टाकतो. त्यामुळे पुढचे दोन यूएसबी पोर्ट आत नेमके कुठे जाऊन मिळतात, हे गिऱ्हाइकाला कधी दिसतच नाही.

जुडग्यात साधारण चार प्रकारच्या केबली असतात. एक जाड, ताठ आणि रुंद तोंडाची असते. दोन बारीक केबलींच्या टोकाला सारख्याच आकाराचे काळे चौकोनी प्लग असतात. एकावर ‘यूएसबी’ लिहिलेले असते, दुसऱ्यावर ‘एचडी ऑडिओ’. उरलेल्या सुट्या, छोट्या वायरी पॉवर बटण, रीसेट आणि दिव्यांच्या. मदरबोर्डच्या खालच्या कडेला यांच्या जोडीच्या उघड्या पिना उभ्या असतात. त्या पिनांच्या समूहाला हेडर म्हणतात.

यूएसबीच्या बारीक प्लगचा हेडर नऊ पिनांचा असतो. नऊ हा आकडा विचित्र वाटतो, पण हिशेब सरळ आहे. जुन्या यूएसबी २.० च्या एका पोर्टला चार वायरी लागतात : लाल वायर पाच व्होल्टची, पांढरी आणि हिरवी माहिती नेणारी, काळी ग्राउंडची. एका हेडरवर दोन पोर्ट निघतात, म्हणून पाच-पाच पिनांच्या दोन रांगा, आणि प्रत्येक रांगेतल्या पहिल्या चार पिना एकेका पोर्टच्या. दहा जागांपैकी आठ अशा खर्च झाल्या. दहाव्या जागेवर पिन असते, पण तिला बहुतेक वेळा काहीच काम नसते. नवव्या जागेवर पिन मुद्दाम बसवलेलीच नसते. प्लगवरचे त्या जागेचे भोक प्लॅस्टिकने बुजवलेले असते. प्लग उलटा धरला की बुजवलेले भोक एका खऱ्या पिनेवर येते आणि प्लग आत जात नाही. यालाच ‘की’ म्हणतात.

आता ऑडिओचा प्लग शेजारी धरून पाहा. आकार तोच, दहा जागा त्याच, पण त्यात आठव्या क्रमांकाचे भोक बुजवलेले असते. म्हणजे यूएसबीची रिकामी जागा कोपऱ्यात आणि ऑडिओची कोपऱ्याच्या अलीकडची. पॉवर बटण आणि दिव्यांच्या हेडरवर दहावी पिन नसते. तीही कोपऱ्यातच, पण समोरच्या रांगेतली, आरशात पाहावी तशी. त्यामुळे यूएसबीचा प्लग कसाही फिरवला तरी त्या हेडरवर बसत नाही. कोणता प्लग कुठे, हे ठरवायला प्लगवरचे नाव आणि बुजवलेले भोक या दोन गोष्टी पुरतात. बोर्डावरची नावे कंपनीगणिक बदलतात. कुणी ‘एफ-यूएसबी’ छापते, कुणी ‘जे-यूएसबी’, कुणी नुसतेच क्रमांक. रिकाम्या पिनेची जागा मात्र सगळीकडे तीच.

बटणांच्या सुट्या वायरींना मात्र अशी काही की नसते आणि त्या कुठल्याही दोन पिनांवर बसतात, यूएसबीच्या सुद्धा. त्या लावताना मॅन्युअलमधले चित्र समोर असलेच पाहिजे.

जाड केबलीचा हिशेब याच पद्धतीने पुढे जातो. २००८ साली यूएसबी ३.० आले तेव्हा जुन्या चार वायरी तशाच ठेवून त्यांत पाच नव्यांची भर पडली : पाठवण्यासाठी एक जोडी, घेण्यासाठी एक जोडी आणि आणखी एक ग्राउंड. एका पोर्टला नऊ, दोन पोर्टांना अठरा, आणि मधली एक वेगळी पिन मिळून एकोणीस. विसावी, कोपऱ्यातली, जागा रिकामी. इथे पिनांमधले अंतर २.५४ मिलिमीटरवरून २ मिलिमीटरवर आले आहे, पिनाही बारीक आहेत, म्हणून त्यांच्याभोवती प्लॅस्टिकची चौकट असते. चौकटीच्या एका लांब बाजूला खाच आणि प्लगवर तिच्यात शिरणारा उंचवटा. पुढे या वेगाची नावे ‘३.१ जेन १’, मग ‘३.२ जेन १’ अशी बदलत गेली. वेग होता तोच राहिला, सेकंदाला पाच गिगाबिट, आणि हेडरही तोच. नाव बदलले म्हणून घाबरायचे कारण नाही. वैतागायला जरूर आहे.

एक नेहमीचा प्रसंग घेऊ. स्वस्तातल्या कॅबिनेटला पुढे एक निळा आणि दोन काळे यूएसबी पोर्ट आहेत. बोर्डावर एक एकोणीस पिनांचा आणि दोन नऊ पिनांचे हेडर आहेत. सुरुवातीला एसएमपीएसची वायर भिंतीतून काढायची, नुसता कॉम्प्युटर बंद करून भागत नाही, कारण बंद असतानाही यूएसबीच्या पिनांवर पाच व्होल्ट असू शकतात. मग जाड केबल, आणि तीही ग्राफिक्स कार्ड बसवण्याआधी, कारण नंतर हात जात नाही. उंचवटा खाचेसमोर आणून प्लग अगदी सरळ खाली दाबायचा. या कॅबिनेटच्या प्लगमध्ये निम्मी भोके आतून रिकामी दिसतील. तो दोष नव्हे. निळा पोर्ट एकच आहे, म्हणून दुसऱ्या पोर्टच्या वायरी घातलेल्याच नाहीत. मग बारीक प्लग नऊ पिनांच्या हेडरवर, बुजवलेले भोक रिकाम्या जागेवर धरून.

इथे एक चूक होते, जी की असूनही अडवली जात नाही. नऊ पिनांच्या हेडरला बऱ्याचदा चौकट नसते. कॅबिनेटच्या तळाशी, अंधारात, प्लग एक घर पुढे सरकून बसतो. बुजवलेले भोक तेव्हा हेडरच्या बाहेर, हवेत लटकते, त्यामुळे काही अडत नाही, आणि पहिल्या दोन पिना उघड्या राहतात. वीज माहितीच्या पिनेकडून मागितली जाते, ग्राउंड मिळतच नाही, आणि पुढचे दोन्ही काळे पोर्ट निपचित पडतात. लोक पोर्ट बाद झाला समजून कॅबिनेट परत करायला निघतात. आधी टॉर्च मारून बाजूने पाहा : दोन पिना मोकळ्या दिसल्या, तर प्लग एक घर सरकला आहे.

खरे नुकसान जुन्या कॅबिनेटांत होते. त्यांत एकसंध प्लग नसून चार वायरींच्या सुट्या पट्ट्या असतात आणि त्यांना की नसते. पट्टी उलटी बसली की लाल वायर ग्राउंडवर आणि काळी पाच व्होल्टवर जाते. पोर्टमध्ये लावलेला पेनड्राइव्ह उलट्या विजेने तापतो आणि मरतो. पोर्टचे धातूचे कवच बहुधा काळ्या वायरीला आणि कॅबिनेटच्या पत्र्याला जोडलेले असते, म्हणून काही न लावताही शॉर्ट होऊ शकतो. काही बोर्ड अशा वेळी पडद्यावर USB device over current status detected असा इशारा देऊन काही सेकंदांत बंद पडतात. हा इशारा दिसला तर आधी पुढच्या यूएसबी केबली काढून पाहाव्यात. इशारा गेला तर दोष तिथेच. पट्टी लावताना लाल वायर पहिल्या क्रमांकाच्या बाजूला आणि काळी रिकाम्या जागेच्या बाजूला, एवढे सांभाळायचे.

त्याच काळातल्या काही बोर्डांवर फायरवायरचा हेडरही असे. त्याच्याही दहा जागांतली नववीच रिकामी, म्हणून यूएसबीचा प्लग त्यावर छान बसतो. पण त्यातल्या सातव्या-आठव्या पिनेवर, म्हणजे यूएसबीच्या ग्राउंडच्या जागी, बारा व्होल्ट असतात. जुना बोर्ड वापरात काढणाराने तिथे बोर्डावर छापलेले नाव वाचल्याशिवाय प्लग लावू नये. की फसते अशी मला माहीत असलेली ही सगळ्यात महाग जागा.

एकोणीस पिनांच्या हेडरची व्याधी वेगळी. प्लग तिरका दाबला की एखादी पिन आडवी होते. ती जर वेगवान जोड्यांपैकी असेल, तर पोर्ट बंद पडत नाही. जुन्या चार वायरी शाबूत असतात, त्यामुळे उपकरण मुकाट्याने यूएसबी २.० च्या वेगावर उतरते. माउस चालतो, पेनड्राइव्ह उघडतो, फक्त मोठी फाइल कॉपी व्हायला फार वेळ लागतो. लिनक्सवर शहानिशा एका आज्ञेत होते :

```
lsusb -t
```

यूएसबी ३.० चा पेनड्राइव्ह निळ्या पोर्टमध्ये असताना त्याच्या ओळीच्या शेवटी 5000M असायला हवे. 480M दिसले, तर आधी तोच पेनड्राइव्ह मागच्या निळ्या पोर्टमध्ये लावून पाहावा. तिथे 5000M आले, तर पुढची केबल किंवा तिची पिन संशयित. काढताना हा प्लग घट्ट बसलेला असतो. केबल धरून ओढली तर चौकटच पिनांवरून उपटून येते. एका हाताने चौकट खाली दाबून धरावी आणि दुसऱ्याने प्लगचे कडेचे प्लॅस्टिक धरून तो डावी-उजवीकडे किंचित हलवत वर घ्यावा.

जाता जाता एक. वायरलेस माउस अडखळत असेल तर त्याचा रिसीव्हर निळ्या पोर्टच्या शेजारून काढून दूरच्या काळ्या पोर्टमध्ये लावून पाहा. यूएसबी ३.० च्या वायरींतून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट होतो, हे इंटेलने २०१२ सालीच लिहून ठेवले आहे.

आता प्रश्न उरतो तो हेडर कमी पडण्याचा. पुढचे पोर्ट आहेतच, पण वाय-फाय कार्डाच्या ब्लूटूथला नऊ पिनांचा एक हेडर लागतो, लिक्विड कूलरच्या पंपाला बऱ्याचदा दुसरा, आणि रंगीत दिव्यांच्या कंट्रोलरला तिसरा. एकाचे दोन करणारी नुसती वायर इथे चालत नाही, कारण एका पोर्टच्या माहितीच्या जोडीवर दोन उपकरणे थेट टांगता येत नाहीत. मधे हब असलेलाच तुकडा घ्यावा, शक्यतो एसएमपीएसमधून वेगळी वीज घेणारा. एकोणीस पिनांतून नऊ पिना काढणारा कन्व्हर्टरही मिळतो आणि तो नीट चालतो, कारण जुन्या वायरी त्यात आहेतच. उलट दिशेचा, नऊवरून एकोणीस करणारा, कन्व्हर्टरही विकला जातो. त्याने निळा पोर्ट जिवंत होतो, पण वेग सेकंदाला ४८० मेगाबिटच राहतो. नव्या कॅबिनेटांच्या पुढच्या टाइप-सी पोर्टची केबल या दोन्हींत बसत नाही. तिला धातूच्या कवचाचा छोटा, वेगळा हेडर लागतो.

म्हणून कॅबिनेट घेण्याआधी बोर्डाचे मॅन्युअल कंपनीच्या साइटवरून उतरवा आणि त्यातल्या चित्रावर नऊ पिनांचे, एकोणीस पिनांचे आणि टाइप-सीचे हेडर किती आहेत ते मोजा. टाइप-सीचा हेडर नसेल, तर पुढच्या टाइप-सी पोर्टसाठी जास्तीचे पैसे देऊ नका.