हेवा कशाचा, हे लिहून पाहताना

हेवा फार दूरच्या माणसाचा सहसा वाटत नाही. वय, ठिकाण, लौकिक यांत जे आपल्या बरोबरीचे असतात त्यांचाच तो वाटतो, असे अ‍ॅरिस्टॉटलने ‘ऱ्हेटोरिक’ या ग्रंथात सांगितले आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अब्राहम टेसर यांनी यात एक महत्त्वाची अट दाखवून दिली. मित्राचे यश खुपण्यासाठी ते अशा क्षेत्रातले असावे लागते, ज्यावर आपण स्वतःची किंमत जोखत असतो. टेसर आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना शब्द ओळखण्यासाठी मित्राला आणि अनोळखी माणसाला सूचक शब्द द्यायचे होते. हा नुसता खेळ आहे असे सांगितले, तेव्हा मित्राला सोपे शब्द मिळाले. यातून महत्त्वाची कौशल्ये कळतात असे सांगितले, तेव्हा मात्र मित्राच्या वाट्याला परक्यापेक्षा अवघड शब्द आले.

म्हणूनच रोजनिशीत हेव्याची नोंद करताना ‘मला वाईट वाटले’ एवढ्यावर थांबून भागत नाही. समजा, बँकेत नोकरी करणाऱ्या एका बाईंच्या मैत्रिणीचा कथासंग्रह निघाला. अभिनंदनाचा फोन झाला, पण रात्री काही गोड लागेना. त्याच मैत्रिणीने पूर्वी मोठा फ्लॅट घेतला, तेव्हा असे काहीच झाले नव्हते. नोंदीत ही तुलना आधी यावी, कारण जे खुपले नाही त्यावरून खुपणाऱ्या गोष्टीची हद्द कळते. मग यशाचे तुकडे करून पाहायचे: छापलेले नाव, सत्कार, समीक्षकांची दाद, आणि रोज पहाटे उठून लिहिलेली पाने. एकेक तुकडा मनातून वगळावा आणि टोचणी कमी होते का ते लिहावे. सत्कार वगळूनही ती तशीच राहिली आणि पहाटेची पाने वगळताच ओसरली, तर या बाईंना लेखनाचा वेळ हवा आहे. तो त्यांनी स्वतःला दिलेला नाही.

उलटही घडते, आणि ते कबूल करणे जास्त जड जाते. कोणालाही कळणार नसेल तर हे यश हवे आहे का, या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर आले, तर ओढ कथेची नसून कौतुकाची आहे. ते मूल्य बहुधा घरातून किंवा भोवतालच्या माणसांकडून उसने आलेले असते.

या पद्धतीला मर्यादा आहे. मैत्रिणीला ते यश वशिल्याने मिळाले असेल, तर मनातला राग अन्यायाचा असू शकतो. पण हेवाही अन्यायाचाच वेष घेतो. त्यामुळे ‘तिची लायकी नव्हती’ असे वाक्य लिहिले गेले, की त्याखाली पुरावा लिहावा. पुरावा सुचला नाही, तर ते वाक्य हेव्याचे समजावे.