दरवाढीचे पत्र

जयपूरच्या शास्त्री नगरात मासिक डबे पुरविणाऱ्या एका बाईंना दर वाढवावयाचा आहे, असे समजा. पत्राच्या आरंभीच त्यांनी जुना दर २४०० रुपये, नवा दर २७०० रुपये आणि तो लागू होण्याची तारीख लिहावी. आगाऊ पैसे भरलेल्यांना तो महिना संपेपर्यंत जुनाच दर राहील, हेही सांगावे.

'डबा बंद ठेवायचा असल्यास आधी कळवावे' हे वाक्य मोघम आहे. त्यातून वाद होतात. भाजी आदल्या रात्री आणली जाते, म्हणून 'आदल्या दिवशी संध्याकाळी ६ पर्यंत कळवावे' असे लिहावे. सोबत हिशेबही दाखवावा : ३० दिवसांचे २७००, म्हणजे दिवसाचे ९० रुपये. ४ दिवस डबा बंद राहिल्यास ३६० रुपये वजा होऊन पुढील महिन्याचे २३४० रुपये द्यावे लागतील.