बदलीची नोकरी बायोडेटात कशी मांडावी?

सरकारी नोकरी म्हटलं की मुलीकडच्यांचा चेहरा खुलतो आणि पाठोपाठ प्रश्न येतो, "बदली कुठे कुठे होते?" या प्रश्नाच्या धास्तीने अनेक जण बायोडेटात नुसतं 'शासकीय सेवा' लिहून मोकळे होतात. माझ्या मते नुकसान इथेच होतं. बदलीला नियम असतात, हद्द असते. ती हद्द लिहिली नाही, तर समोरचं कुटुंब गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत सगळा नकाशा डोळ्यांसमोर आणतं.

समजा, मुलगा 31 वर्षांचा नायब तहसीलदार आहे. मूळचा तासगावचा, आईवडील तिथेच. 2018 मध्ये दहिवडीला रुजू झाला, 2021 मध्ये सांगोल्याला गेला आणि 2024 च्या सुरुवातीपासून शिरोळला आहे. त्याने लिहिलं होतं : "नोकरी बदलीची. आतापर्यंत दहिवडी, सांगोला, शिरोळ येथे काम. अपेक्षा : समजूतदार, तडजोड करणारी." वाचणाऱ्याला यातून दोनच गोष्टी कळतात : हा एका जागी टिकत नाही आणि त्याचा त्रास बायकोने सोसायचा आहे.

आता याच नोकरीची खरी माहिती पाहा. नायब तहसीलदाराचा संवर्ग विभागीय असतो. हा पुणे विभागात आहे, म्हणजे बदली पुणे, सातारा, सांगली, सोलापूर आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांत. महसूल खात्यातल्या लिपिकाची हद्द त्याहून लहान, साधारण जिल्ह्यापुरती. तहसीलदार झाल्यावर मात्र संवर्ग राज्यस्तरीय होतो. हेही लपवू नये, कारण पदोन्नती हवीच असते आणि ती लग्नानंतर कळली तर फसवल्यासारखं वाटतं.

दुसरी गोष्ट मुदतीची. राज्याच्या 2005 च्या बदल्यांच्या कायद्यानुसार एका पदावरचा सर्वसाधारण कार्यकाळ तीन वर्षांचा असतो आणि नेहमीच्या बदल्या एप्रिल-मेमध्ये होतात. मुदतीआधी हलवायचं तर कारणं लेखी नोंदवावी लागतात. मग याची सांगोल्यातली तीन वर्षं पुरी का झाली नाहीत? कारण निवडणुकीच्या कामाशी संबंधित अधिकाऱ्यांची एका जिल्ह्यात तीन वर्षं भरत असतील, तर निवडणूक आयोगाच्या धोरणानुसार त्यांना मतदानाआधी हलवतात. 2024 मध्ये लोकसभेची निवडणूक होती. ही एक ओळ नसेल, तर तारखा पाहणाऱ्याच्या मनात 'काही भानगड तर नाही ना?' अशी शंका येते.

हे सगळं धरून मजकूर असा होतो :

"नायब तहसीलदार, पुणे विभाग. सध्या शिरोळ येथे, जून 2024 पूर्वीपासून. बदली साधारण तीन वर्षांनी, विभागातल्या पाच जिल्ह्यांत. पुढे तहसीलदार झाल्यावर राज्यात कुठेही होऊ शकते. सांगोल्याहून बदली निवडणुकीच्या धोरणामुळे. स्वतःचं घर तासगावला, आईवडील तिथे राहतात. बहुतेक शनिवार-रविवार मी तिथे असतो. पत्नीची नोकरी असेल तर ती जिथे आहे तिथे बिऱ्हाड ठेवायची तयारी आहे."

पूर्वीच्या नेमणुकांची यादी गेली, कारण सेवापुस्तक कोणी मागितलेलं नव्हतं. 'तडजोड करणारी' गेलं आणि त्या जागी मुलगा स्वतः काय करणार ते आलं. शेवटचं वाक्य मात्र खरोखर तयारी असेल तरच लिहावं. पाच दिवसांचा आठवडा 2020 पासून लागू असला, तरी निवडणूक, पूर किंवा टंचाईच्या काळात महसूल खात्यात सुटी मिळेलच असं नाही. म्हणून 'बहुतेक' हा शब्द काढू नये.

तीन वाक्यं मात्र कधीच लिहू नयेत : 'बदली होणार नाही', 'ओळखीने जवळ करून घेऊ' आणि 'पती-पत्नी एकत्रीकरणात एकत्र येऊ'. एकत्रीकरणाची सवलत आहे, पण ती शक्य असेल तेव्हाच मिळते आणि पत्नीच्या गावी जागा रिकामी असायला हवी. जिल्हा परिषदेच्या शिक्षिकेला आंतरजिल्हा बदली मिळाली, तरी ज्येष्ठतेवर पाणी सोडावं लागतं. ही किंमत आधीच बोलून घ्यावी.

मजकूर जमला की नाही हे पहिल्या फोनवरून कळतं. "बदली कुठेही होते ना?" असं विचारलं, तर हद्दीची ओळ पुरेशी स्पष्ट नाही किंवा फार खाली गेली आहे. "तासगावला कोण कोण असतं?" असं विचारलं, तर बदलीचा प्रश्न मिटला आहे आणि बोलणं घराकडे वळलं आहे. तेव्हा बायोडेटा पाठवण्याआधी आपला संवर्ग आणि सध्याच्या पदावर रुजू झाल्याची तारीख आदेशात पाहून घ्या आणि नोकरीच्या रकान्यात पहिल्याच दोन ओळींत लिहा.